‘ताई, फक्त एक शब्द बदलायचाय’

सांगली जिल्ह्यातल्या एका गृहउद्योगासाठी मी सहा मसाल्यांची पाकिटं डिझाइन केली होती. काम जवळजवळ संपलं होतं, फाइली छपाईला जायच्या होत्या. संध्याकाळी काकूंचा फोन आला. “ताई, फक्त एक शब्द बदलायचाय. कांदा-लसूण मसाला लिहिलंय ना, तिथं चटणी करा. आमच्याकडं कोल्हापूरपर्यंत सगळे चटणीच म्हणतात. मसाला बघून गिऱ्हाईक विचारतंय, हे नवीन काय काढलं?”

काकूंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या भागात कांदा-लसूण घातलेल्या तिखटाला चटणी म्हणतात, आणि हे मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पण तो एक शब्द बदलायला मला अडीच तास लागले. पाकिटावरचं नाव मी हाताने वळणदार अक्षरांत काढलं होतं. ‘मसाला’ला वर नुसती शिरोरेषा होती, ‘चटणी’च्या दीर्घ वेलांटीचा वळसा थेट वरच्या बोधचिन्हात घुसला. मग बोधचिन्ह वर सरकवलं, म्हणून मिरच्यांचं चित्र खाली आलं, म्हणून वजनाचा आकडा कोपऱ्यात गेला. एका पाकिटावर बोधचिन्ह सरकलं की उरलेल्या पाचांवरही सरकवावं लागतं, कारण दुकानात ती शेजारी शेजारी लागणार. शेवटी सहाही फाइली पुन्हा तपासून पाठवल्या तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

त्या कामाचे मी तीस हजार रुपये सांगितले होते. हा आकडा आला कुठून? एका पाकिटाला पाच हजार वाजवी वाटले, म्हणून सहांचे तीस. मनात कुठेतरी तीस तासांत होईल असंही होतं. सुदैवाने त्या वर्षीच मी एक वही ठेवायला लागले होते, आणि कामाला बसले की वेळ लिहीत होते. काम संपल्यावर बेरीज केली तर एकाहत्तर तास झाले. तीस हजार भागिले एकाहत्तर, म्हणजे तासाला ४२२ रुपये. त्यातूनच वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि संगणकाची झीज वजा व्हायची होती. हा लेख त्या बेरजेतून निघाला आहे. चित्रं काढणारे, भाषांतर करणारे, व्हिडिओ संकलित करणारे, वेबसाइट बांधणारे असे नोकरी न करता कामागणिक पैसे घेणारे जे कोणी आहेत, त्यांना पाकिटांच्या जागी आपापलं काम घालून हा हिशोब करता येईल.

आधी तासाचा दर ठरवू. तो बाजारात विचारून ठरत नाही, आपल्या वर्षावरून ठरतो. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यातून गणपती, दिवाळी, घरचं एखादं लग्न आणि आजारपण मिळून सहा आठवडे काढले तर शेहेचाळीस उरतात. आठवड्याला चाळीस तास बसलं तर १,८४० तास होतात. बहुतेक नवे लोक इथेच थांबतात आणि हे सगळे तास विकले जातील असं धरतात. माझ्या वहीत वर्षाअखेर वेगळंच दिसलं. न मिळालेल्या कामांची दरपत्रकं करणं, भेटायला जाऊन येणं, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं, जुन्या फाइली शोधून देणं, बिघडलेली हार्ड डिस्क घेऊन अप्पा बळवंत चौकाच्या पलीकडे जाणं, नवं काही शिकणं यांत जवळजवळ ८४० तास गेले होते. उरले हजार. ज्या तासांवर एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव लिहिता येतं, ते वर्षाचे फक्त हजार तास. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जणांनी वही ठेवल्यावर त्यांचेही आकडे याच्या आसपासच आले, पण प्रत्येकाने आपला आकडा स्वतः काढावा. माझा उसना घेऊ नये.

आता या हजार तासांनी वर्षभराचं काय काय पेलायचं? घरखर्चाला महिना पन्नास हजार, म्हणजे वर्षाचे सहा लाख. नोकरीत असते तर आरोग्यविम्याची आणि भविष्यनिर्वाह निधीची सोय मालकाने काही अंशी केली असती. ती आता मलाच करायची आहे. विम्याचे चोवीस हजार आणि म्हातारपणासाठी महिना आठ हजार धरले की बेरीज ७,२०,००० होते. त्यावर धंद्याचा खर्च येतो. मी एका साध्या वर्षाचा तो १,७०,००० धरते. सॉफ्टवेअरची वर्गणी चाळीस हजार, अक्षरवळणांचे परवाने बारा हजार, इंटरनेट आणि फोन पंधरा हजार, खोलीचा आणि विजेचा वाटा छत्तीस हजार, प्रवास, सीएची फी, फाइली जपून ठेवण्याची सोय, आणि महाराष्ट्रात व्यावसायिकाला वर्षाला भरावा लागणारा अडीच हजारांचा व्यवसाय कर. संगणक सव्वा लाखाच्या आत आला तरी तो त्या वर्षीच्या खर्चात मी घालत नाही. चार वर्षं चालेल असं धरून वर्षाला तीस हजार लावते. हे तीस हजार खरोखर वेगळ्या खात्यात जायला हवेत. नाहीतर चौथ्या वर्षी संगणक बंद पडतो आणि त्याच महिन्यात आपण पडेल त्या दराने काम घेतो.

दोन्ही मिळून ८,९०,००० झाले. मे महिन्यात काम आटतं आणि वर्षाला एखादं बिल बुडतंच, म्हणून वर दहा टक्के, साधारण नव्वद हजार. ९,८०,००० भागिले हजार म्हणजे ९८० रुपये. मी हजार धरते.

अवजारांबद्दल इथे थोडं थांबते, कारण तिथे दोन चुका होतात. एक म्हणजे वर्गणी परवडत नाही म्हणून चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं आणि खर्च शून्य मांडायचा. ज्या दिवशी एखादी कंपनी परवान्याची पावती मागते, त्या दिवशी तो दर खोटा ठरतो. दुसरी चूक याच्या अगदी उलट आहे. सगळंच विकत घ्यावं लागतं असं धरायचं. इंकस्केप, स्क्रायबस, क्रिता ही मोफत आणि कायदेशीर अवजारं आहेत. मराठीसाठी तर मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेली मुक्ता आणि बलू ही वळणं खुल्या परवान्यावर आहेत, पाकिटावर छापायलाही मोकळी. मात्र मोफत अवजार शिकायला तास लागतात, आणि छापखान्याला चालेल अशी फाइल त्यातून काढताना एखादी खेप जादा होते. म्हणून अवजाराची किंमत मी रुपये आणि तास अशा दोन रकान्यांत लिहिते. चाळीस हजार वाचवायला वर्षाचे साठ तास जात असतील, तर हजार रुपयांच्या दराने ती बचत नाही.

करांचा विषय लोक घाबरून शेवटी ठेवतात आणि मग आकड्यावर सरसकट दहा किंवा अठरा टक्के चढवतात. यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट टीडीएस. कंपनी तुमच्या बिलातून दहा टक्के कापून घेते. व्यावसायिक सेवेसाठी ही कपात १ एप्रिल २०२५पासून एका वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम दिली तर लागू होते. काकूंसारख्या छोट्या उद्योगाला बहुधा कापावंच लागत नाही. हा वेगळा कर नाही. तुमच्याच आयकराची ती आगाऊ जमा आहे, आणि कर कमी निघाला तर परत मिळते. म्हणून टीडीएससाठी दर वाढवायचा नसतो. पण पैसे अडकतात. वर्षाच्या सहा लाखांच्या बिलांवर साठ हजार कापले गेले, तर ते विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत हातात नाहीत, आणि घरभाडं तर दर महिन्याला द्यायचं आहे. त्यासाठी थोडी गंगाजळी हवी, दर वाढवून ते सुटत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द आयकर. तो जमेवर नाही, खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर लागतो. मी धरलेल्या वर्षात दहा लाख जमा आणि १,७०,००० खर्च, म्हणजे नफा ८,३०,०००. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे या पातळीवर तासाच्या दरात आयकराचा एक रुपयाही नाही. नफा पंधरा लाखांवर गेला, तर त्याच रचनेत उपकरासह १,०९,२०० रुपये कर बसतो. हजार तासांवर तो पसरला की तासाला १०९ रुपये होतात. मग तो आकडा वर्षाच्या गरजेत मिळवायचा आणि नंतर भागाकार करायचा. प्रत्येक बिलावर अंदाजाने टक्के चढवले की आकडा बहुतेक वेळा चुकतो. आणि टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर दहा हजारांच्या वर राहणार असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत आधीच भरावा लागतो. आलेला सगळा पैसा आपला नाही, हे त्या चार महिन्यांत कळतं.

तिसरी गोष्ट जीएसटी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावताही येत नाही. पण अशा वेळी सॉफ्टवेअरच्या वर्गणीत आपण जो अठरा टक्के जीएसटी भरतो, तो परत मिळत नाही. म्हणून वरच्या चाळीस हजारांत तो धरलेलाच आहे. उलाढाल वीस लाख ओलांडणार असं दिसू लागलं, की दरपत्रकात ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द आधीपासून घालावेत. नाहीतर सत्तर हजारांना ठरलेल्या कामातून १०,६७८ रुपये आपल्याला पदरचे द्यावे लागतात. कंपनीला त्या कराची वजावट मिळते, पण नोंदणी नसलेल्या गृहउद्योगाला मिळत नाही. त्यांच्यासाठी ती सरळसरळ दरवाढ असते. आणि जीएसटी बिलाच्या तारखेवरून ठरतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, तरी सरकारचा हप्ता चुकत नाही.

इथपर्यंतचा हिशोब कुठलाही सीए तासाभरात करून देईल. ज्याने माझा दर हजारावरून ४२२वर आणला, ते वेगळंच होतं. एकाहत्तर तासांत डिझाइनचे तास चाळीस होते. बारा तास फोन, व्हॉट्सॲप आणि पाकीट बनवणाऱ्याकडच्या खेपांचे. आणि एकोणीस तास करेक्शनचे. आमच्या धंद्यात बदलांना करेक्शन म्हणतात. शब्दच असा आहे की, जणू चूक डिझायनरचीच होती. चूक दुरुस्त करायचे पैसे कोण मागणार? म्हणून ते तास फुकट जातात.

मी त्या एकोणीस तासांची वहीतली ओळ न् ओळ वाचली, आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं. दोन तास खरोखर माझ्या चुकीचे होते. मागच्या बाजूला ‘लसूण’ऐवजी ‘लसुण’ पडलं होतं आणि एका पाकिटावर दुसऱ्याच मसाल्याचे घटक राहिले होते. सात तास आवडीनिवडीचे होते. काकूंनी लाल रंग पसंत केला, मग पुण्याहून मुलगा आला, त्याला तो भडक वाटला, मग सुनेने मधला सुचवला. त्यांच्या घरात तिघांचा धंद्यात वाटा आहे आणि तिघांचं मत असणारच. मला ते एकेकटं, तीन वेगळ्या आठवड्यांत मिळालं, एवढंच. उरलेले दहा तास मात्र ना चुकीचे होते, ना आवडीचे. सहा तास मजकुराचे होते. चटणी हा शब्द, चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक जो शेवटी आला, शंभर ग्रॅमऐवजी दोनशे ग्रॅम, घटकांची यादी, जी वजनाच्या उतरत्या क्रमाने लागते आणि त्यांनी आठवेल तशी दिली होती. चार तास आकाराचे होते. पाकीट बनवणाऱ्याने तळाला घडी असलेलं उभं राहणारं पाकीट सुचवलं आणि माझ्या चौकटी सगळ्या चुकल्या.

म्हणजे निम्म्याहून जास्त करेक्शन अशा गोष्टींचं होतं, ज्या पहिल्या दिवशी विचारल्या असत्या तर उद्भवल्याच नसत्या. मी तोवर समजत होते की, गिऱ्हाइकांना स्वतःला काय हवं ते कळत नाही. वहीने दाखवलं की, काकूंना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.

यातून तीन कारणांचे तीन वेगळे उपाय निघतात, आणि किंमतही तीन तऱ्हांनी लागते. माझी चूक मी नेहमीच फुकट सुधारते, कितीही वेळा. तिचा तास मी कोणाला लावत नाही, पण वहीत लिहिते, कारण ती वाढायला लागली तर मजकूर वाचायला दुसऱ्या माणसाला पैसे देणं स्वस्त पडतं. आवडीनिवडीचे बदल हा कामाचाच भाग आहे. ते फुकट नसतात, आधीच मोजलेले असतात. मी दोन फेऱ्या धरते, दर फेरीत दर पाकिटाला एक तास. आणि माहिती किंवा मागणी बदलली तर ते नवं काम. त्याचा दर तासाचा.

‘दोन फेऱ्या’ असं नुसतं लिहून भागत नाही, हे मला दोन कामांनी शिकवलं. फेरी म्हणजे काय यावरच वाद होतो. आता मी लिहून देते की, बदल एकाच व्यक्तीकडून, एका यादीत, एका वेळी येतील, तेव्हा ती एक फेरी. रात्री अकराला आलेला एक निरोप आणि सकाळी त्याच्या उलट आलेला दुसरा, ही फेरी नाही. मुलगा, सून, भागीदार यांनी आधी आपसांत बोलून घ्यायचं. हे वाचून गिऱ्हाइकं रागावतील अशी मला भीती होती. उलट एका गिऱ्हाइकीणबाईंनी सांगितलं की, यामुळे त्यांच्या घरातला वाद एका रविवारी मिटला.

नंतर साताऱ्याच्या एका ताईंचं तसंच काम आलं. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपीठ भाजणी, मिरची पूड, धने-जिरे पूड, अशी सहा पाकिटं. डिझाइनबद्दल एक अक्षर बोलण्याआधी मी त्यांना एक पानी तक्ता पाठवला. पाकिटावर नेमकं नाव काय, तुमच्या भागात लोक त्याला काय म्हणतात, निव्वळ वजन, घटक उतरत्या क्रमाने, परवाना क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठीचा फोन, किती महिने टिकतं, पाकीट कोण बनवणार आणि त्याचा मापांचा कागद. शेवटची ओळ होती, अंतिम होकार कोण देणार. तक्ता भरून यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी दुसरं काम केलं.

मग दरपत्रक. जुन्या वहीतूनच डिझाइनचे चाळीस तास घेतले. दोन दिशांनी मुख्य पाकीट चौदा तास, उरलेली पाच प्रत्येकी तीन, मजकुराची जुळणी सहा, छपाईच्या फाइली पाच. फोन आणि खेपांचे बारा. करेक्शनचे बारा, म्हणजे दोन फेऱ्या, सहा पाकिटं, एकेक तास. एकूण चौसष्ट तास, चौसष्ट हजार. या कामापुरतं वेगळं अक्षरवळण आणि रंगीत नमुनाप्रती मिळून सहा हजार. सत्तर हजार झाले. इथे एक गोष्ट जपावी लागते. गिऱ्हाइकाचे फोन आणि खेपा मी या चौसष्टांत धरल्या, म्हणून त्या आधीच्या ८४० न विकलेल्या तासांत धरलेल्या नाहीत. तेच तास दोन्हीकडे मोजले तर दर फुगतो आणि काम हातचं जातं. तिकडे किंवा इकडे, एकाच ठिकाणी धरायचे.

“सत्तर हजार म्हणजे माझा दिवाळीचा सगळा नफा की हो,” ताई म्हणाल्या. त्या घासाघीस करत नव्हत्या, खरंच तेवढे पैसे नव्हते. अशा वेळी पूर्वी मी दर खाली आणला असता, पन्नासला करू, पंचेचाळीसला करू. त्यात अडचण अशी की, तास तेवढेच राहतात. काम न बदलता किंमत उतरली, तर पहिला सत्तर हजारांचा आकडाच खोटा होता असं त्या समजणार, आणि त्यांचं काही चुकलं नसतं. म्हणून मी दर ठेवला आणि काम कमी केलं. सगळ्यात जास्त खपणारी तीनच पाकिटं घेतली. मुख्य पाकिटाला दोनऐवजी एकच दिशा. विकतच्या वळणाऐवजी बलू. डिझाइनचे एकवीस तास, फोन आणि खेपांचे आठ, दोन फेऱ्यांचे सहा. पस्तीस तास, पस्तीस हजार, नमुनाप्रतींचे अडीच. ३७,५०० रुपये. आणि पुढे प्रत्येक नव्या पाकिटाला, चौकट तयार असल्यामुळे, सात तास, सात हजार, हेही कागदावर लिहिलं.

पैसे चाळीस टक्के सुरुवातीला, चाळीस मंजुरीला आणि वीस अंतिम फाइली देण्याआधी. मंजुरी मी सहीने घेते. पाकिटं रंगागणिक कोरलेल्या सिलिंडरवर छापली जातात आणि एकदा सिलिंडर कोरला की एका अक्षराची दुरुस्ती माझ्या सगळ्या फीपेक्षा महाग पडू शकते. त्या सहीखाली लिहिलेलं असतं की, मजकूर, वजन आणि परवाना क्रमांक गिऱ्हाइकाने वाचून पाहिले आहेत. कंपन्यांशी व्यवहार असेल तर उद्यम नोंदणी जरूर करावी. सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदणी असलेल्या सेवादात्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायला २००६चा कायदा खरेदीदाराला बांधून ठेवतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मी अजून कोणाकडून व्याज घेतलेलं नाही. पण दरपत्रकाच्या तळाशी नोंदणी क्रमांक लिहायला लागल्यापासून कंपन्यांच्या हिशोब विभागांचे फोन लवकर यायला लागले.

साताऱ्याच्या कामाचे तास शेवटी अडतीस झाले. तीन जादा. दोन तास पाकीटवाल्याने माप अर्ध्या सेंटिमीटरने बदललं म्हणून. ते मी लावू शकले असते, पण ते माप तक्त्यात मी स्वतः तपासून घेतलं नव्हतं. एक तास माझ्या चुकीचा. पस्तीस हजार भागिले अडतीस म्हणजे तासाला ९२१ रुपये. हजार नाही, पण ४२२सुद्धा नाही.

या पद्धतीची एक मर्यादा मला सांगायलाच हवी. तास मोजून जी किंमत येते ती खालची सीमा आहे, तिच्याखाली गेलं की आपण आपल्याच घरातून गिऱ्हाइकाला पैसे देतो. वरची सीमा तास सांगत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी जे बोधचिन्ह काढायला मला चार दिवस लागायचे, ते आता कधी कधी एका दुपारी सापडतं. तास कमी झाले म्हणून किंमत कमी करायची, तर जितकं शिकेन तितकी गरीब होईन. आणि तेच चित्र तीन गावांत विकल्या जाणाऱ्या भाजणीवर छापलं किंवा देशभर जाणाऱ्या पाकिटावर छापलं, तर त्यातून होणारा फायदा सारखा नसतो. मोठ्या कंपनीला मी तासांचा हिशोब दाखवत नाही. कामाची एकूण किंमत आणि वापराची मुदत लिहिते. पण आपल्याशी मात्र तास मांडलेले असतात, म्हणजे कुठल्या आकड्याला ‘नाही’ म्हणायचं ते ठाऊक असतं. आणि ज्या शहरात कोणी एका लेबलला दीड हजार घेतो, तिथे माझ्या आकड्याने सगळी कामं मिळणार नाहीत, हेही खरं. मला ती सगळी नको आहेत. हजार तासांपुरती हवी आहेत.

परवा साताऱ्याहून फोन आला. “ताई, आता मेतकूट काढूया म्हणते. सात हजारच ना?”

हो म्हटलं. तक्ता पाठवते.

“तक्ता जुनाच आहे माझ्याकडं, भरून ठेवलाय. फक्त वजनाची जागा रिकामी ठेवलीय. शंभर ग्रॅम की दोनशे, ते ठरत नाहीये घरात.”

ठरलं की कळवा, मी म्हटलं, मग सुरू करू. वहीत मेतकुटाचं पान काढून ठेवलं आणि त्यावर फोनची पंधरा मिनिटं लिहिली.